शिक्षेचं माप कुणाच्या हातात?

“दारू पीसन मरतस, नाव मातर कर्जनं.” आमच्या तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्राच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या पोरानं मोबाइलसमोर हसत हसत हे म्हटलं. त्या दिवशीच्या पेपरात जवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी होती. दुकानात मित्र बसले होते, एकानं विषय काढला, दुसऱ्यानं कॅमेरा धरला. पोरगा पंचविशीच्या आतला, स्वतः कापूसवाल्या घरातला. बाप आजही दोन एकर कोरडवाहू कसतो. संध्याकाळपर्यंत तो तुकडा अर्ध्या जळगाव जिल्ह्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर होता आणि चौथ्या दिवशी पोराची नोकरी गेली होती.

मी तालुका कोर्टात वकिली करते. पोराचा बाप माझ्याकडे आला तेव्हा पोराला कामावरून काढलं त्याविरुद्ध काही करता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. बापलेकांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं मुद्दाम देत नाही. पुन्हा नावं द्यायची असती तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

आधी त्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते किती वाईट होतं हे नीट सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही.

आपल्या राज्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते. ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण ती आपोआप मिळत नाही. तलाठी, तहसीलदार यांच्याकडून चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. नापिकी होती का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. चौकशीत गावातलं कुणी ‘तो प्यायचा’ म्हणालं आणि ते कागदावर आलं, की प्रकरण ‘अपात्र’कडे कलायला लागतं. मी अशा फायली हाताळल्या आहेत. पिण्याचं कारण काय, पिणं कधी सुरू झालं, हे त्या कागदावर सहसा नसतं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्यानंतर आमच्याकडे कितीतरी घरांचा हिशेब पुन्हा कधी जुळलाच नाही. त्या घरातला माणूस संध्याकाळी पिऊन घरी यायला लागला असेल, तर मरणाचं कारण दारू की कर्ज, हे काउंटरमागून हसत ठरवता येत नाही. म्हणून त्या पोराचं वाक्य नुसतं असभ्य नव्हतं. ज्या कुजबुजीमुळे बायकांच्या फायली बंद होतात, तीच कुजबूज त्यानं मोठ्यानं, हजारो लोकांना ऐकू जाईल अशी केली.

आणि तरीही तो गुन्हा नव्हता. नसावाही. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ज्यात ‘त्रासदायक’ लिहिणंसुद्धा गुन्हा ठरत होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मला तो निर्णय पूर्ण पटतो. कुणाच्या तरी मनाला लागलं म्हणून पोलिसांनी दारात यायचं, ही व्यवस्था शेवटी दुबळ्यांवरच उलटते. पण मग जे बोलणं क्रूर आहे आणि कायद्याच्या बाहेर आहे, त्याचा समाचार कुणी घ्यायचा? लोकांनीच. म्हणजे जाहीर निषेध हा काही रिकामटेकड्यांचा उद्योग नाही. कायद्यानं मुद्दाम मोकळी सोडलेली ती जागा आहे आणि ती लोकांनीच भरायची आहे. माझ्या ऑफिसमधली ज्युनियर मला तळमळून म्हणाली, “ताई, इतकी वर्षं असं बोलणारे हसत घरी गेले. आता कुणीतरी अडवलं तर आपण अडवणाऱ्यांचीच चौकशी करायची का?” तिचा प्रश्न मी बाजूला सारत नाही.

काय काय झालं ते ओळीनं सांगते. पहिल्या दिवशी तुकडा गावागावांच्या ग्रुपांवर फिरला. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या एका मोठ्या पानानं तो उचलला आणि तो पुण्या-मुंबईकडे गेला. व्हिडिओत मागे दुकानाची पाटी अर्धी दिसत होती. कुणीतरी ती मोठी करून वाचली, दुकानाच्या बिलावरचा नंबर शोधला आणि दोन्ही एकत्र टाकलं. मग दुकानाला गूगलवर एक-एक तारा पडायला लागला आणि रात्री-अपरात्री फोन सुरू झाले. तशाच नावाचं दुसरं कृषी केंद्र शेजारच्या तालुक्यात आहे. त्या बिचाऱ्यालाही तारे आणि शिव्या मिळाल्या. चौथ्या दिवशी मालकानं पोराला काढलं आणि काढल्याचं पत्र स्वतःच ग्रुपांवर टाकलं. त्याच संध्याकाळी काही तरुण पोराला घरून चौकात घेऊन गेले. कान धरायला लावले, उठाबशा काढायला लावल्या, हात जोडून माफी मागायला लावली आणि त्याचा व्हिडिओ केला. हा दुसरा व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त फिरला. त्याखालच्या प्रतिक्रिया अशा: नाटक आहे, मनापासून नाही, अजून द्यायला पाहिजे होते. पुढच्या महिन्यात त्याच्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक थांबली.

यात निषेध कुठे संपला आणि शिक्षा कुठे सुरू झाली? मला वाटतं दोन्ही वेगळे ओळखता येतात. ‘तू म्हणालास ते खोटं आहे, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना याची जखम होते’ हा निषेध. तो वाक्याबद्दल असतो, आणि तो करायला फक्त खरं बोलण्याची अट आहे. कुणीही करावा. ‘याला कामावरून काढा’, ‘हा याचा नंबर’, ‘याचं घर अमुक गल्लीत’ ही शिक्षा. इथे माणसाला मुद्दाम यातना व्हाव्यात असा हेतू असतो आणि चुकीची किंमत म्हणून आपण ती वसूल करतो आहोत, असा दावा असतो. लिहिणारा म्हणतो, मी फक्त मत मांडलं. पण नंबर टाकणं हे मत नव्हे. आणि शिक्षा म्हटली की अटी वाढतात. ज्याला द्यायची त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, माप ठरवावं लागतं, आणि ती कधी संपली ते सांगावं लागतं.

ऐकून घेण्याबद्दल धुळे-जळगावच्या माणसाला फार सांगायला नको. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवांपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती निष्पाप माणसं होती आणि तो खून होता. त्या पोराच्या प्रकरणाशी त्याची बरोबरी मी करत नाही. पण ‘आम्ही बघितलं आहे, विचारायचं काय’ ही खात्री कुठवर जाऊ शकते, हे आपण आपल्याच मातीत पाहिलेलं आहे.

मापाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. कोर्टात दोषी ठरल्यावरसुद्धा शिक्षा किती द्यायची यावर वेगळं म्हणणं मांडता येतं: वय काय, पहिलीच चूक आहे का, घरी कोण आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्यात तर कलम ३ असं आहे की किरकोळ गुन्ह्यात, आधीची शिक्षा नसेल तर, न्यायाधीश नुसती समज देऊन सोडू शकतात. न्यायाधीश चुकतात, हे रोज बघते. पण चूक झाली तर ती कुणाची ते माहीत असतं, आणि वर अपील करता येतं. त्या पोराला जे मिळालं त्याचा आकडा कुणीच ठरवला नव्हता. हजारो लोकांनी प्रत्येकी एक ओळ लिहिली. बोंडातला कापूस हातात घेतला तर वजन लागत नाही, पण वेचणीच्या शेवटी पोत्याखाली माणूस वाकतो. एक ओळ लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, माझ्यामुळे त्याची नोकरी गेली नाही. आणि ते खरं आहे. बहिणीचं लग्न मोडावं असं त्यातल्या बहुतेकांना वाटतही नसेल. पूर्ण शिक्षा कुणीच दिली नाही, म्हणून ती जास्त झाली हे मान्य करायलाही कुणी उरलं नाही.

यावर माझ्याकडे एकच कसोटी आहे आणि मी ती आता स्वतःला लावते. निषेधाचं काम सांगणं हे आहे. पहिल्या शंभर माणसांनी सांगितलं की ते पोहोचतं: पोराला कळतं, ऐकणाऱ्यांना कळतं, ज्यांना लागलं त्यांनाही कळतं की आपल्या बाजूनं कुणी उभं आहे. त्यानंतर येणारी ओळ नवीन काही सांगत नाही. ती फक्त वजन टाकते. म्हणून लिहिण्याआधी वर काय लिहून झालं आहे ते वाचावं. माझं म्हणणं तिथे आधीच असेल, तर माझी ओळ निषेधात मोजली जाणार नाही, शिक्षेत मोजली जाईल. पहिला आवाज असताना गप्प बसणं भ्याडपणा ठरेल, आणि पाच हजारावा असताना बोलणं क्रूरपणा. दोन्ही ठिकाणी वाक्य अगदी तेच असू शकतं.

त्या माफीच्या व्हिडिओबद्दल. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. कारण साधं आहे: भीतीपोटी माणूस काहीही म्हणतो. मग चौकात वीस जणांच्या गराड्यात कान धरून मागितलेल्या माफीतून आपल्याला काय कळणार होतं? पोराला खरंच वाईट वाटलं असतं तरी तो तेच बोलला असता, आणि वाटलं नसतं तरी तेच. जबरदस्तीनं माफी घेतली की खरी माफी मागायची वाटही आपण बंद करतो, कारण पुढे तो काहीही म्हणाला तरी लोकांना चौकातलाच व्हिडिओ आठवतो. त्यानं माझ्यासमोर बसून हेच सांगितलं: “मॅडम, आता मी कुनाकडं जाऊ? गेलो तरी म्हनतील परत मार खायच्या भीतीनं आला.”

जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये मांडलेला एक भेद इथे कामाचा आहे. लाज वाटायला लावणं दोन प्रकारचं असतं, असं तो सांगतो. एकात कृत्याला वाईट म्हटलं जातं, माणसाला आपल्यातलाच धरून ठेवलं जातं, आणि शेवटी त्याला परत घेतल्याचं दाखवलं जातं. दुसऱ्यात माणसावरच कायमचा शिक्का बसतो. पहिल्यानं चूक पुन्हा होण्याची शक्यता कमी होते आणि दुसऱ्यानं वाढते, कारण शिक्का बसलेला माणूस तसाच शिक्का बसलेल्यांत जाऊन बसतो, असं त्याचं म्हणणं. त्या पोराच्या बाबतीत ही भीती खरी ठरू पाहत होती. शेतकऱ्यांच्या नावानं खडे फोडणाऱ्या एका ग्रुपनं त्याला ‘खरं बोलणारा’ म्हणून जवळ केलं. त्याच्याशी नीट बोलणारे त्या महिन्यात तेवढेच होते.

आपल्याकडे जातपंचायती माणसाला वाळीत टाकत. त्या प्रथेबद्दल मला कणभरही प्रेम नाही. परजातीत लग्न केलं म्हणून घरंच्या घरं उद्ध्वस्त केली त्यांनी. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ च्या जुलैपासून तो लागू झाला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. योग्यच झालं. पण त्या अन्यायी व्यवस्थेतही पंच कोण ते माहीत होतं आणि दंड भरून, जातीला जेवण घालून पंगतीत परत बसता येत होतं. मोबाइलवरच्या बहिष्काराला पंच नाहीत आणि परतीची पंगतही नाही. पोरानं नंतर दोन ठिकाणी कामासाठी विचारलं. दोन्हीकडे नाव टाकून शोधल्यावर पहिला चौकातला व्हिडिओ निघाला. राज्यघटनेचं कलम २०(२) सांगतं की एकाच अपराधासाठी कुणावर दोनदा खटला चालवून शिक्षा करता येत नाही. ते सरकारला बांधतं, लोकांना नाही, हे मला कळतं. पण त्यामागचा विचार लोकांनाही लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यात जिच्या बाजूनं सगळे लढत होते, तिला कुणी विचारलंच नव्हतं. पेपरातल्या बातमीतलं घर नव्हे, दुसरंच. माझ्याकडे एका बाईची फाइल आहे. नवरा औषध पिऊन गेला आणि प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. अहवालात दारूचा उल्लेख आहे. तो तुकडा तिच्यापर्यंतही गेला होता. फेरतपासणीच्या अर्जावर सही करायला ती आली तेव्हा मी तिला विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी लोक त्याला बोलत होते ते वाचून बरं वाटलं, इतके दिवस मला वाटायचं की सगळे त्याच्यासारखंच बोलतात. हे मी जपून ठेवलं आहे, माझ्या ज्युनियरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर म्हणून. मग कान धरल्याच्या व्हिडिओचा विषय निघाला. तो तिनं अर्ध्यातच बंद केला होता. “त्याले मारीसन माले काय भेटी?” असं म्हणून तिनं अर्ज पुढे ओढला.

तिला काय हवं होतं ते त्या अर्जात होतं. नवऱ्याचं सोसायटीचं कर्ज कागदावर थोडंच दिसत होतं. खरं कर्ज उधारीचं होतं: बियाणं, खत, फवारणीची औषधं, सगळं हंगामाच्या बोलीवर. आमच्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याचा मोठा सावकार कृषी केंद्रवालाच असतो, आणि ती उधारी सरकारी निकषात कर्ज म्हणून बसत नाही. पण फेरतपासणीत परिस्थितीचा पुरावा म्हणून ती जोडता येते. उधारी कुठे होती असं मी विचारलं, तर तिनं त्याच दुकानाचं नाव घेतलं.

दोन हंगाम तिच्या नवऱ्याच्या नावाची पानं त्या पोराच्याच हातानं भरली गेली होती. कर्ज नव्हतं असं म्हणायचा सगळ्यात कमी अधिकार कुणाला असेल तर त्याला, आणि कर्ज होतं हे सांगायची सगळ्यात जास्त ताकदही त्याच्यातच होती. भरपाई म्हणून त्याच्याकडून घेण्यासारखी एकच गोष्ट होती: त्यानं ती वही उघडावी, नोंदी काढून द्याव्यात आणि सही करावी. उठाबशांपेक्षा त्याला ते जड गेलं असतं आणि तिच्या उपयोगी पडलं असतं. पण लोकांनी मागणी करून त्याला त्या काउंटरमागून काढलं होतं. वही आता मालकाकडे आहे, आणि आपलं दुकान पुन्हा कुठल्या प्रकरणात येईल या धास्तीनं मालक ती दाखवायला तयार नाही.

मी पोराला बोलावलं आणि काय हवं आहे ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आकडे सगळे आठवत नाहीत, पण बोंडअळीच्या सालाची बाकी पुढे ओढलेली होती आणि दुसऱ्या हंगामात औषधाची उचल फार होती, एवढं नक्की. त्याला नक्की आठवत होतं तेवढंच आम्ही प्रतिज्ञापत्रात घेतलं. त्यावर सही करताना तिथे कॅमेरा नव्हता, आणि तो कागद मी कुठे टाकणारही नाही. त्या बाईनं तो वाचून घेतला, एका ठिकाणी गावाचं नाव चुकलं होतं ते दुरुस्त करायला लावलं. त्याच्याशी ती काही बोलली नाही, आणि तिनं बोलावं अशी अपेक्षा ठेवायचा कुणालाही हक्क नाही. अर्ज समितीपुढे आहे. वहीतल्या त्या दोन हंगामांच्या पानांच्या प्रती मिळाव्यात म्हणून मालकाला मी दुसरं पत्र पाठवलं आहे.